हॉस्टेलच्या खोलीतला चित्रांचा व्यवसाय: यंत्र नको, आधी एक फळी

एका मुलीचं पत्र आलं आहे: मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हॉस्टेलमध्ये तिघींच्या खोलीत राहते. माझा चित्रकलेत हात बरा आहे, पेन्सिलने चेहरे तर चांगलेच जमतात. मैत्रिणी वाढदिवस आला की चित्र मागतात, पण पैसे कसे मागायचे ते कळत नाही. थोडी शिल्लक साठवली आहे. त्यातून मगवर आणि टी-शर्टवर छापायचं यंत्र घ्यावं का? की बुकमार्क, स्टिकर, शुभेच्छापत्रं, रंगवलेल्या पिशव्या असं सगळंच थोडं थोडं सुरू करावं? माझ्या वाट्याला एक टेबल, अर्धं कपाट आणि पलंगाखालची जागा आहे. रात्री अकराला दिवे बंद करावे लागतात.

तुझ्या पत्राच्या उत्तराची सुरुवात यंत्रापासून करू, कारण शिल्लक एकदा तिथे गेली की परत येत नाही. छपाईचं हे यंत्र साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं आणि बरीच वीज ओढतं. हॉस्टेलच्या खोल्यांमध्ये इस्त्री किंवा शेगडीलाही सहसा मनाई असते, तेव्हा हे यंत्र पहिल्याच तपासणीत अडकेल. शिवाय त्याच्यासाठी कोरे मग आणि कोरे टी-शर्ट वेगवेगळ्या मापांत आधीच विकत घेऊन ठेवावे लागतात. पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. ते यंत्र ज्याच्याकडे असेल तो प्रत्येक जण तेच काम करू शकतो. तुझा हात त्यात कुठेच येत नाही, आणि तुझ्याजवळ विकण्यासारखं वेगळं जे आहे तो तर हातच आहे.

‘सगळंच थोडं थोडं’ यातही एक अडचण दडलेली आहे. पिशवीला कापडाचे रंग लागतात, स्टिकरला चिकट कागद आणि कटर, शुभेच्छापत्राला जाड कागद. प्रत्येक वस्तूचं सामान निराळं आणि बिघडण्याची रीतही निराळी. अर्ध्या कपाटात ते मावणार नाही, आणि कुठलीही एक गोष्ट शंभर वेळा करून जी सफाई येते तीही येणार नाही. म्हणून एकच काम धर: फोटोवरून ए४ आकाराचं पेन्सिल व्यक्तिचित्र, फक्त ऑर्डरवर. त्याला वास नाही, आवाज नाही. माल पडून राहत नाही आणि सामान खर्च होण्याआधी इसार हातात येतो.

आता भांडवलाचा विचार कर. या व्यवसायात पैसा थोडा लागतो, कमी पडतात ते तास. एका चेहऱ्याच्या चित्राला साधारण किती वेळ जातो ते मांडून बघ. फोटो निवडणं आणि बोलणं एक तास, रेखाटन दोन तास, शेडिंग सहा तास, शेवटची सफाई एक तास, चित्राचा फोटो काढून पॅक करून पोचवणं एक तास. झाले अकरा. आठवड्याला तुझे दहा तास मोकळे असतील, तर महिन्याचे चाळीस. म्हणजे महिन्याला तीन चित्रं होतात आणि बिघडलेल्या कागदासाठी सात तास हाताशी राहतात. चौथी ऑर्डर घेतलीस तर ती झोपेतून किंवा अभ्यासातून जाईल. हे तास माझ्या अंदाजाने धरू नकोस. पहिल्या दोन चित्रांना घड्याळ लाव आणि स्वतःचा आकडा काढ.

सामानाची यादी छोटी आहे. ए४ पेक्षा थोडी मोठी एक गुळगुळीत फळी आणि चार क्लिपा. कागद २०० जीएसएमच्या आसपासचा, गुळगुळीत आणि आम्लरहित. साधा स्वस्त कागद काही वर्षांत पिवळा पडतो आणि चित्र देताना हे कळत नाही, म्हणून इथे काटकसर नको. पेन्सिली पाच: २एच, एचबी, २बी, ४बी, ६बी. मळता येणारा खोडरबर, टोकदार कडा असलेला एक पांढरा खोडरबर, थोडा बटर पेपर. बारा किंवा चोवीस पेन्सिलींचा संच घ्यायची गरज नाही, त्यातल्या अर्ध्या डब्यातच राहतात.

फळी मुद्दाम पहिली सांगितली. कागद टेबलावर सपाट ठेवून काढला, की त्याची वरची कड डोळ्यांपासून लांब आणि खालची जवळ राहते. आपण तिरकस बघत असतो, म्हणून काढताना चेहरा बरोबर वाटतो आणि कागद उभा धरला की तो लांबट झालेला दिसतो. फळीच्या वरच्या कडेखाली तीन-चार जाड पुस्तकं ठेवून तिला उतार दे, एवढ्याने हा दोष बराचसा जातो. पलंगावर मांडी घालून काढू नकोस. उजव्या हाताने काढत असशील तर दिवा डावीकडे ठेव, म्हणजे हाताची सावली कागदावर पडणार नाही.

आता एक ऑर्डर सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघू. समज, वर्गातल्या एकीला वडिलांच्या वाढदिवसाला त्यांचं चित्र द्यायचं आहे आणि हातात तीन आठवडे आहेत. ती मेसेजवर एक फोटो पाठवते. फोटो घरात, समोरून फ्लॅश मारून काढलेला. असा फोटो घेऊ नकोस. समोरच्या फ्लॅशने चेहऱ्यावरच्या सावल्या पुसल्या जातात, नाक आणि गाल सपाट होतात, आणि पेन्सिलचं सगळं काम तर सावल्यांवर चालतं. तुझं शेडिंग कितीही चांगलं असलं तरी जी सावली फोटोत नाही ती तुला मनाने घालावी लागेल, आणि तिथेच साम्य हरवतं.

म्हणून तिला नेमकं सांग: दिवसा, खिडकीजवळ, उजेड एका बाजूने येईल असं बसवून, दीड-दोन मीटर अंतरावरून फोटो काढ. हात लांब करून काढलेला सेल्फी चालत नाही, कारण इतक्या जवळून नाक मोठं आणि कान लहान दिसतात. फोटो मेसेजमधून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव, नाहीतर तो दाबला जाऊन बारकावे जातात. आलेला फोटो मोठा करून डोळा बघ. पापणीची कड आणि बुबुळातला उजेडाचा ठिपका स्पष्ट दिसला तर फोटो कामाचा. डोळ्याच्या जागी नुसते चौकोनी ठिपके दिसले तर नम्रपणे नाही म्हण. जुना, एकमेव फोटो असेल आणि ती व्यक्ती आता नसेल, तर त्याच व्यक्तीचे आणखी दोन-तीन फोटो माग आणि साम्य किती येईल ते आधीच मोकळेपणाने सांग. अशा चित्रांत भावना गुंतलेली असते, त्यामुळे नंतर झालेली निराशा दोघींनाही जड जाते.

फोटो ठरला की तो फोनवर ५:७ या प्रमाणात काप. ए४ कागद २१० गुणिले २९७ मिलिमीटरचा असतो. त्यावर २० गुणिले २८ सेंटिमीटरची चौकट आखली की डाव्या-उजव्या बाजूला अर्धा सेंटिमीटर आणि वर-खाली थोडं जास्त कोरं राहतं. फ्रेमची पट्टी कडा झाकते, म्हणून केस किंवा खांदे अगदी चौकटीला टेकवू नकोस. चौकटीत दोन सेंटिमीटरचे चौरस पाड, आडवे दहा, उभे चौदा. फोटोवरही तितकेच चौरस पाडून घे. डोळे आणि ओठ जिथे येतात तिथले चौरस पुन्हा चारात विभाग. साम्य खरं तर तिथेच ठरतं. डोळ्यापासून ओठापर्यंतचं अंतर दोन-तीन मिलिमीटरने चुकलं, तर माणूस भलताच होतो. केसांत तेवढी चूक झाली तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

चौरस आखताना एक चूक फार जण करतात. रेषा फिकी यावी म्हणून कडक २एच पेन्सिल दाबून वापरतात. तिने कागदात खाच पडते. रेषा खोडली जाते पण खाच तशीच राहते, आणि वरून शेडिंग केलं की ग्रॅफाइट तिच्यात उतरत नाही. मग गालावर बारीक पांढऱ्या रेघांची जाळी उमटते आणि ती कशानेही जात नाही. म्हणून चौरस एचबीने, पेन्सिल मागून सैल धरून आख. रेखाटन झालं की मळत्या खोडरबराने चौरसांच्या रेषा हलकेच टिपून घे, घासू नकोस.

शेडिंगला हात लावण्याआधी रेखाटन तपास. कागद आणि फोटो दोन्ही उलटे धर, डोकं खाली. किंवा रेखाटनाचा फोटो काढून तो फोनवर डावा-उजवा उलटव. ओळखीचा चेहरा डोळ्याला फसवतो, उलटा केला की तिरका झालेला डोळा लगेच दिसतो. मग रेखाटनाचा फोटो गिऱ्हाइकाला पाठव आणि ‘हो’ असा लेखी होकार घे. चष्मा हवा का, कपाळावरची खूण ठेवायची का, शर्टाची कॉलर कशी हवी, हे सगळे बदल याच टप्प्यावर. दोन फेऱ्यांपर्यंत बदल करून द्यायचे, शेडिंग सुरू झालं की नाही. हा नियम ऑर्डर घेतानाच सांगितला तर कोणी नाराज होत नाही. सहा तासांचं शेडिंग झाल्यावर सांगितला तर हमखास वाद होतो.

शेडिंगचं सगळं तंत्र इथे मावणार नाही. ज्या चुकांमुळे विकलेलं चित्र परत येतं, तेवढ्याच सांगते. उजव्या हाताने काढत असशील तर डावीकडून उजवीकडे, वरून खाली सरक आणि हाताखाली कोरा कागद ठेव. बोटाने पुसू नकोस, बोटाचं तेल कागदात शिरतं आणि त्या जागी नंतर डाग धरतो. केसांतला किंवा डोळ्याच्या बाहुलीतला काळा रंग दाबून आणायचा मोह होतो, पण दाबल्याने कागदाचा बारीक खडबडीतपणा चेपतो. मग तिथे आणखी ग्रॅफाइट बसत नाही, वर चमक येते, आणि उजेडात बघितलं की सगळ्यांत काळी जागाच राखाडी दिसते. ४बी आणि ६बीचे चार-पाच हलके थर दिलेस तर रंग खोल येतो. हसऱ्या चेहऱ्यात प्रत्येक दात रेषेने वेगळा करू नकोस, माणूस दहा वर्षांनी म्हातारा दिसतो. सगळे दात मिळून एक पांढरा आकार धर, कोपऱ्यांकडे त्याला थोडी सावली दे आणि हिरडीजवळ अगदी पुसटसे भाग दाखव.

चित्र पूर्ण झालं की ते पुसलं जाऊ नये म्हणून मारायच्या फिक्सेटिव्हचा प्रश्न येतो. त्याच्या फवाऱ्यात ज्वलनशील द्रावक असतं, तो खोलीत कधीच मारायचा नाही, मैत्रिणी बाहेर गेल्या असल्या तरी. गच्चीवर किंवा उघड्या जागेत, वारा नसताना, ३० सेंटिमीटरवरून दोन पातळ थर दे, मध्ये दहा-पंधरा मिनिटं जाऊ दे. जाड थराने थेंब पडतात आणि चित्र गडद होतं. आधी टाकाऊ रेखाटनावर करून बघ. फिक्सेटिव्हऐवजी केसांचा स्प्रे मारायचा सल्ला तुला कोणीतरी देईलच. तो ऐकू नकोस, त्याने कागद पुढे पिवळा पडू शकतो. गच्ची मिळत नसेल तर फिक्सेटिव्ह सोडून दे. चित्रावर बटर पेपर घालून द्यायचं आणि काचेच्या फ्रेममध्ये लावायला सांगायचं. त्यानेही काम भागतं.

पोचवताना चित्र कधीही गुंडाळू नकोस. ग्रॅफाइट कागदाच्या पाठीला घासलं जातं. बटर पेपरची घडी चित्रावर अशी बसव की ती सरकणार नाही. मग चित्राहून चारी बाजूंनी दोन सेंटिमीटर मोठे असे खोक्याच्या पन्हळी पुठ्ठ्याचे दोन तुकडे घे. एकातल्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्यातल्या आडव्या येतील असे ते ठेव, म्हणजे पाकीट कोणत्याच दिशेने वाकत नाही. सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून मग बाहेरचं पाकीट. त्याआधी खिडकीजवळ, थेट ऊन न येईल अशा जागी चित्राचा फोटो काढ. फोनचा कॅमेरा पांढरा कागद राखाडी करून दाखवतो, म्हणून एक्स्पोजर थोडं वाढव. पुढची गिऱ्हाइकं हा फोटो बघूनच येणार आहेत.

पैसे कसे मागायचे, हे तू पत्रात ओझरतं लिहिलंस, पण तुझी खरी अडचण मला तीच वाटते. आधी स्वतःसाठी तासाचा दर ठरव. तुझ्यासारखे विद्यार्थी शिकवणी किंवा इतर सुटं काम करून तासाला जेवढं मिळवतात, तेवढ्यापासून सुरुवात कर. त्याला अकराने गुण, त्यात कागद आणि पॅकिंगचा खर्च मिळव, आणि वर दहावा हिस्सा बिघडलेल्या कागदांसाठी ठेव. नवीन चित्रकार बहुतेक वेळा शेडिंग आणि सफाईचे सातच तास मोजतात. रेखाटन, बोलणं आणि पोचवणं हे चार तास फुकट जातात. दोन चेहऱ्यांच्या चित्राला एकाच्या दीडपट सांगायचीही पद्धत पडून गेली आहे. दुसऱ्या चेहऱ्यालाही जवळजवळ तेवढाच वेळ लागतो, फक्त कागद, बोलणं आणि पॅकिंग वाचतं, तेव्हा पावणेदोनपट तरी हवी. ए४ वर दोनाहून जास्त चेहरे घेऊ नकोस. डोकं सहा-सात सेंटिमीटरपेक्षा लहान झालं की पेन्सिलच्या टोकाला डोळ्यातले बारकावे पेलत नाहीत, आणि मोठा कागद तुझ्या फळीवर आणि पलंगाखाली मावत नाही.

अर्धी रक्कम कागदाला हात लावण्याआधी, उरलेली चित्र हातात देताना. मैत्रिणींनाही हाच नियम लाव. जिला फुकट द्यावंसं वाटतं तिला जरूर दे, पण ती भेट असू दे, वर्षातून तू ठरवशील तेवढीच. पहिल्या दोन-तीन चित्रांना कमी दर लावायचा असेल तर ‘पहिल्या तीन चित्रांसाठी’ असं स्पष्ट लिही. तसं लिहिलं नाहीस तर तोच तुझा कायमचा दर होऊन बसतो. सिनेनटांचे आणि कार्टूनच्या पात्रांचे फोटो घेऊन चित्र काढून विकू नकोस, आणि कोणा छायाचित्रकाराने काढलेला फोटो असेल तर त्याची परवानगी गिऱ्हाइकाने आणायची. हक्क त्यांचे असू शकतात.

बुकमार्क आणि शुभेच्छापत्रांची तुझी कल्पना मला पूर्ण टाकायची नाही, फक्त ती सहा-सात चित्रं विकल्यानंतरची आहे. व्यक्तिचित्र एकदाच विकलं जातं. जलरोधक शाईच्या पेनने काढलेलं रेखाचित्र मात्र ६०० डीपीआयवर स्कॅन केलं की कितीदाही छापता येतं. ए४ च्या एका कागदातून ए६ ची चार कार्डं निघतात. छापायचं काम छापखान्याला द्यायचं, यंत्र तेव्हाही घ्यायचं नाही. रंग किंवा चित्र कडेपर्यंत जात असेल तर चारी बाजूंनी तीन मिलिमीटर जास्त ठेव, नाहीतर कापताना कडेला पांढरी रेघ राहते. तशी जादा जागा ठेवलीस तर एका कागदात चार कार्डं बसणार नाहीत, म्हणून पहिल्या वेळी चारी बाजूंना कोरी कड सोडलेलं चित्रच बरं. आणि आगाऊ मागणी जेवढी असेल त्याच्या आसपासच छाप. पलंगाखाली पडलेली दोनशे कार्डं ओलसर हवेने वाकतात आणि मग कोणी घेत नाही.

खोलीतल्या दोघींशी ऑर्डर घेण्याआधीच बोल. टेबल कोणत्या वेळी तुझं, दिवा किती वाजेपर्यंत, अर्धवट चित्र कुठे राहणार आणि त्याला कोणी हात लावायचा नाही, एवढं ठरलं तरी पुष्कळ. अर्धवट चित्र टेबलावर उघडं ठेवू नकोस, चहाचा एक थेंब आणि अकरा तास गेले. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, क्लिपा लावून, पलंगाखाली पण जमिनीपासून वर, पेटीवर ठेव. गिऱ्हाईक खोलीवर बोलवायचं नाही, देणं-घेणं वाचनालयाच्या किंवा कॉलेजच्या दारात. आणि हॉस्टेलच्या नियमांत खोलीत व्यवसाय करायला मनाई आहे का ते बघून घे. असेल तर वॉर्डनना लेखी विचार. वास नाही, यंत्र नाही, बाहेरची माणसं येणार नाहीत, असं स्पष्ट लिहिलंस तर परवानगी मिळण्याची शक्यता बरीच वाढते.

परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे कॅलेंडरवर आत्ताच खोडून टाक आणि त्या काळातली मुदत कोणालाही देऊ नकोस. मुदत सांगताना तुझ्या हिशेबाने लागतील त्याहून पाच दिवस जास्त सांग. वडिलांच्या वाढदिवसाच्या त्या ऑर्डरमध्ये हातात तीन आठवडे होते ना? त्यातला पहिला आठवडा चांगला फोटो येण्यातच जातो.